चिऱ्याच्या भिंतीचा हिशोब : प्रस्तावना

भिंत किती लांब, किती उंच, एवढे सांगितले की विटा किती आणि माल किती हे सांगता यायला हवे, अशी घर बांधणाऱ्याची साधी अपेक्षा असते. अंदाजपत्रकाच्या पुस्तकांत त्याचे तयार उत्तरही मिळते. भारतीय मानकांनुसार मॉड्युलर विटेचे माप १९ × ९ × ९ सेंटिमीटर आहे. भोवतीचा एक सेंटिमीटरचा सांधा धरला की ती २० × १० × १० ची जागा व्यापते, म्हणून एका घनमीटर बांधकामात ५०० विटा बसतात. या ५०० विटांचे स्वतःचे आकारमान ०.७७ घनमीटर भरते. उरलेला ०.२३ घनमीटर माल. सांडलवंड धरून तो पाव घनमीटर मानायचा. हा हिशोब चोख आहे आणि विटेच्या भिंतीला तो लागू पडतो.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली घराची भिंत मात्र बहुतेक ठिकाणी विटेची नसते, चिऱ्याची असते. पायाखालचा सगळा सडा जांभ्याचा. मोपाचे पठार जांभ्याचे, आणि डिचोली तालुक्यातल्या हरवळ्याची लेणीही याच दगडात कोरलेली. स्थानिक चिरेखाणींतून, तसेच सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातून ट्रकने चिरा येतो आणि नगावर विकला जातो. त्यावर भिंत उभी राहते. तिचा हिशोब विटेच्या आकड्यांनी केला तर नग चुकतात आणि माल त्याहून जास्त चुकतो. ही पुस्तिका त्या चुकीसाठी लिहिली आहे. कोष्टके पुढे आहेतच. कोष्टकातला आकडा कुठून येतो आणि तो केव्हा मोडतो, हे आधी सांगणे मला गरजेचे वाटते.

पहिली गोष्ट चिऱ्याच्या मापाची. जांभ्याच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६२०. त्यात ३९ × १९ × १९ सेंटिमीटरसारखी मापे दिली आहेत. सांधा धरून ४० × २० × २० भरावेत असा त्यामागचा विचार. बाजारातला चिरा हे मानक वाचून कापलेला नसतो. खाणीगणिक, यंत्रागणिक, कधी एकाच खाणीच्या दोन बाजूंना माप बदलते. म्हणून कोणत्याही पुस्तकातले माप, या पुस्तिकेतले सुद्धा, तुमच्या अंगणात उतरलेल्या चिऱ्याला लावू नका. मोजायची रीत सोपी आहे. ट्रकमधले दहा चिरे न निवडता घ्या, एकमेकांना चिकटवून लांबीने ओळीत मांडा, टेपने ओळ मोजा आणि दहाने भागा. मग तेच चिरे रुंदीने आणि उंचीने मांडून पुन्हा मोजा. मिळालेली तीन मापे ही पुढच्या सगळ्या हिशोबाची मुळाक्षरे आहेत.

आता एक भिंत घेऊ आणि शेवटपर्यंत तीच चालवू. लांबी ९ मीटर, जोत्यापासून उंची ३ मीटर. तिच्यात एक दार, १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच, आणि दोन खिडक्या, प्रत्येकी १.२ मीटर चौरस. दारखिडक्यांवरून भिंतीच्या पूर्ण लांबीत १५ सेंटिमीटर उंचीची काँक्रीटची लिंटल पट्टी. दहा चिऱ्यांच्या मोजणीतून सरासरी चिरा ३८ सेंटिमीटर लांब, २३ रुंद आणि १८ उंच निघाला असे धरू.

भिंतीचे दर्शनी क्षेत्र ९ गुणिले ३, म्हणजे २७ चौरस मीटर. दाराचे २.१० आणि दोन खिडक्यांचे २.८८ वजा केले, पट्टीचे १.३५ वजा केले. उरले २०.६७ चौरस मीटर. एवढ्याच क्षेत्रात चिरा बसणार आहे. इथे घनमीटरात शिरण्याची गरज नाही. भिंतीच्या जाडीत एकच चिरा असल्याने दर्शनी बाजूवरून नग मोजणे अधिक सरळ आणि चूक सापडायलाही सोपे.

चिरा २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत बसवला की समोरून ३८ बाय १८ चा चेहरा दिसतो. उभ्या आणि आडव्या दोन्ही सांध्यांत दीड सेंटिमीटर माल धरला तर एक चिरा ३९.५ बाय १९.५ ची जागा घेतो. एक चौरस मीटरला त्याने भागले की उत्तर येते जवळजवळ बरोबर तेरा. गावातल्या जाणत्या मेस्त्रीला विचारा, “मेस्त्री, चिरे किती सांगू?” तो बोटावर काही न मोजता “मीटरला तेरा धरा” असे म्हणाला, तर त्याच्या मनात हाच चिरा आणि हाच सांधा आहे असे समजा. आपल्या भिंतीला त्या हिशोबाने २६८ चिरे लागतात.

पण तोच चिरा दुसऱ्या अंगावर बसवला, म्हणजे २३ ची बाजू उभी आणि १८ ची बाजू भिंतीच्या जाडीत, तर समोरचा चेहरा ३८ बाय २३ चा होतो. सांध्यासह ३९.५ बाय २४.५. आता चौरस मीटरला दहाच्या थोडे वर चिरे लागतात आणि त्याच भिंतीला २१४ पुरतात. चोपन्न चिऱ्यांचा फरक पडला, लांबी आणि उंची तीच असताना. भिंत पाच सेंटिमीटर बारीक झाली, तिची भार घेण्याची ताकद कमी झाली आणि पावसाचे पाणी आत यायला वाट जवळची झाली. आतल्या आडभिंतीला हे चालते, पश्चिमेचा पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला मी ते करू देणार नाही. म्हणून दोन ठेकेदारांचे नग जुळत नसतील, तर दर विचारण्याआधी चिरा कुठल्या अंगावर बसणार ते विचारावे.

मालाचा प्रश्न याहून नाजूक आहे. माल म्हणजे भिंतीच्या आकारमानातून चिऱ्यांचे आकारमान वजा करून उरते ते. आपल्या २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचे आकारमान ४.७५ घनमीटर. २६८ चिऱ्यांचे, प्रत्येकी ०.०१५७ घनमीटरने, ४.२२. वजाबाकी ०.५३ घनमीटर, म्हणजे भिंतीच्या अकरा टक्के. विटेच्या भिंतीत हेच प्रमाण तेवीस टक्के होते. चिरा मोठा, सांधे थोडे, म्हणून माल निम्मा. विटेचे कोष्टक चिऱ्याच्या भिंतीला लावणारा माणूस दुप्पट सिमेंट मागवतो ते इथे.

दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की मूळ मापातली थोडीशी चूकही त्या लहान आकड्यात मोठी होऊन बसते. आपल्याच भिंतीत सांधा दीडऐवजी एक सेंटिमीटर ठेवला तर चिरे २७९ लागतात आणि माल ०.३७ घनमीटर. सांधा दोन सेंटिमीटर झाला तर चिरे २५८ आणि माल ०.६९ घनमीटर. एक सेंटिमीटरच्या फरकाने चिऱ्यांची संख्या सात-आठ टक्के हलली, माल मात्र जवळजवळ दुप्पट झाला. चिऱ्यांचा अंदाज घरबसल्या करता येतो, मालाचा अंदाज सांधा पाहिल्याशिवाय करता येत नाही, हे या पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मी मानतो.

सांधा जाड का होतो, याचे उत्तर बहुधा गवंड्याच्या हातात नसून ट्रकमध्ये असते. एकाच गाडीत १७ सेंटिमीटर उंचीचा चिरा असतो आणि १९ चाही. एका थरात दोन्ही आले की दोरीला धरून वरची कड सरळ ठेवण्यासाठी बुटक्या चिऱ्याखाली जास्त माल भरावा लागतो. उंच चिऱ्याखाली एक सेंटिमीटर, तर बुटक्याखाली तीन. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. चिरे उतरवतानाच उंचीप्रमाणे वेगळे रचावेत आणि एका थराला एकाच उंचीचे वापरावेत. यंत्राने कापलेल्या चिऱ्यात हा फरक कमी असतो, हाताने तासलेल्यात जास्त. दुसरे कारण दगडाच्या घडणीतच आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या अंगावरच्या खळग्यांत आणि भोकांत माल शिरतो आणि कुठल्याही सूत्रात तो दिसत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला चिरा ओबडधोबड असेल तर तिथेही भर पडते. म्हणून वजाबाकीने आलेल्या मालावर मी वीस टक्के वाढ धरतो. आपल्या भिंतीसाठी ०.५३ चे ०.६४ घनमीटर होतात.

हा झाला ओला, कालवलेला माल. तो करायला कोरडे सिमेंट आणि वाळू किती, हे वेगळे काढावे लागते, कारण पाणी घातल्यावर सिमेंट वाळूच्या पोकळ्यांत बसते आणि सगळ्याचे आकारमान घटते. ओल्या मालाच्या १.३ पट कोरडे साहित्य घ्यावे असा रुळलेला नियम आहे. ०.६४ चे झाले ०.८३ घनमीटर. एकास सहा प्रमाण असेल तर त्याचे सात भाग, त्यांतला एक सिमेंटचा. म्हणजे ०.१२ घनमीटर सिमेंट. पन्नास किलोची गोणी सुमारे ३५ लिटर भरते, तेव्हा साडेतीन गोण्यांच्या आत काम होते. वाळू ०.७१ घनमीटर. शंभर घनफुटांचा एक ब्रास २.८३ घनमीटरचा असतो, त्यामुळे ही वाळू नेमकी पाव ब्रास भरते.

साडेतीन गोण्यांत ९ मीटरची भिंत, हे ऐकून पुष्कळांना शंका येते आणि ते मालात सिमेंट वाढवायला सांगतात. त्याची गरज नसते. मानकाने चिऱ्याकडून मागितलेली किमान दाबशक्ती चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन आहे. एवढ्या ताकदीच्या दगडात एकास तीनचा कडक माल घातला तर भिंत दगडापेक्षा बळकट होत नाही. उलट जास्त सिमेंटचा माल सुकताना अधिक आकसतो आणि सांध्याला केसासारख्या चिरा पडतात. पावसात त्याच वाटेने पाणी आत येते. सिमेंटपेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावे. चिरा कोरडा लावला तर तो मालातले पाणी शोषून घेतो आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यावर नख ओढून पाहावे. भुगा निघाला तर चिरा तहानलेला होता. बांधण्याआधी चिरे नीट भिजवणे आणि बांधल्यावर भिंतीला आठवडाभर पाणी मारणे, एवढे केले तर एकास सहा पुरते.

वाळूचा पाव ब्रास मात्र कोरड्या वाळूचा आहे, आणि कोरडी वाळू गोव्यात वर्षातले मोजके महिनेच मिळते. थोडी ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर बारीक वाळूचे आकारमान पंचवीस टक्क्यांनी सुद्धा वाढते. अशी वाळू फरम्याने मोजून एकास सहा केली तर प्रत्यक्षात एकास पाचच्याही आत येते. सिमेंट जास्त जाते, माल कमी निघतो आणि मग “वाळू कमी आली” असा वाद होतो. वाळूवाल्याने गाडी पूर्ण भरून दिलेली असते, फुगीर हवेसकट.

तपासणी कामावरच करता येते. सरळ बाजूंचा डबा घ्यावा आणि त्यात ओलसर वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. ती बाजूला काढून डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घालावे आणि वाळू परत त्यात सोडून सळीने ढवळावी. पाण्यात बुडालेली वाळू फुगलेली राहत नाही, ती खाली बसते. आता उंची १६ सेंटिमीटर भरली, तर २० भागिले १६ म्हणजे सव्वा. फुगवटा पंचवीस टक्के. एका गोणीला सहा फरमे वाळू घ्यायची होती तिथे साडेसात घ्यावी. ३५ लिटरचा फरमा ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा होतो. सुताराकडून तो करून घ्यावा. घमेल्याने मोजणे हे मोजणे नव्हे, कारण शीग लावलेले घमेले आणि सपाट घमेले यांत मोठा फरक असतो.

आता पुन्हा चिऱ्यांकडे. २६८ ही संख्या क्षेत्रफळाने काढली. भिंत मात्र थरांनी चढते, आणि थर अर्धा असू शकत नाही. पट्टीची उंची वगळता आपल्या भिंतीत चिऱ्याला २.८५ मीटर मिळतात. एक थर सांध्यासह १९.५ सेंटिमीटरचा, म्हणून थर होतात १४.६. हा सहा-दशांश थर कागदावर बसतो, कामावर बसत नाही. तिथे मेस्त्री वरचा थर तासून बारीक करतो, किंवा तेवढ्या उंचीत विटा आणि काँक्रीट भरतो. तासलेला भाग फुकट जातो आणि भिंतीचा वरचा कणा, जिथे छपराचा भार येतो तिथेच, तुकड्यांचा होतो. त्याऐवजी आडवा सांधा एक सेंटिमीटरचा ठेवला, तर थर १९ चा होतो आणि पंधरा थरांत बरोबर २.८५ मीटर भरतात. अकरा थर २.०९ पर्यंत जातात, तिथे दाराची वरची कड येते, वर पट्टी, आणि पट्टीवर चार थर. चिरे २७५ लागतात, सात वाढले. माल ०.५३ वरून ०.४२ वर आला. हे जमण्यासाठी चिरा एकसारखा कापलेला हवा, पण जमले तर भिंत सुबक दिसते आणि बळकटही होते. म्हणून नकाशावर दाराची आणि पट्टीची उंची ठरवताना थराचे माप हाताशी असावे. चिरा आधी मोजावा, उंची नंतर ठरवावी. हा क्रम बहुतेक घरांत उलटा असतो.

लांबीतही एक फसवणूक आहे, कोपऱ्याची. एकटी भिंत मोजताना ती जाणवत नाही, खोली मोजताना जाणवते. बाहेरून ५ बाय ४ मीटरच्या खोलीच्या चार भिंतींची लांबी बाहेरून मोजली तर १८ मीटर भरते. पण प्रत्येक कोपऱ्यात दोन भिंतींनी एकच जागा मोजलेली असते. २३ सेंटिमीटर जाडीचे चार कोपरे म्हणजे ९२ सेंटिमीटर लांबी दोनदा धरली गेली. २.८५ मीटर उंचीला त्याचे चौतीस चिरे होतात. भिंतीच्या जाडीच्या मधोमध रेघ काढून त्या रेघेची लांबी घ्यावी, ती १७.०८ मीटर येते. घराच्या सात-आठ खोल्यांत ही चूक साठत जाते.

या सगळ्यावर फुटीसाठी काय धरावे? चांगला चिरा असेल तर पाच टक्के. आपल्या भिंतीला २७५ चे २८९ होतात. दारखिडक्यांच्या कडेला आणि कोपऱ्यात सांधेमोड साधण्यासाठी अर्धे चिरे लागतात. एक फोडला की दोन अर्धे नीट निघतीलच असे नाही. ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि वाहतुकीतच त्याचे कोपरे जातात. जांभा खाणीत सहज कापता येतो आणि हवेवर घट्ट होतो, हे फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारच्या प्रवासवर्णनात १८०७ मध्येच लिहून ठेवले आहे. काढल्यावर सुमारे तीन महिने उघड्यावर ठेवलेला चिरा वापरणे चांगले. हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला किंवा पांढुरक्या मातीचे मोठे डाग दिसले तर तो बाजूला काढावा. असे चिरे गाडीत दहातले दोन निघाले तर पाच टक्के पुरणार नाहीत, आणि गाडी परत पाठवण्याचा विचार करावा.

एक गोष्ट पैशांची आहे. चिरा नगावर विकला जातो, भिंत चौरस मीटरने मोजली जाते. चिरा ३८ × २३ × १८ ऐवजी ३६ × २२ × १७ चा आला, तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण चौरस मीटरला तेराऐवजी साडेचौदाच्या जवळ चिरे लागतात, आणि दीड सेंटिमीटरच्याच सांध्याने आपल्या भिंतीला २६८ च्या जागी २९८. नगाचा दर तोच राहिला तर भिंत अकरा टक्क्यांनी महागली. म्हणून दर विचारताना नगाचा न विचारता, नगाचा दर गुणिले चौरस मीटरला लागणारे नग असा विचारावा. दोन खाणींची तुलना याच आकड्यावर होते. महाग वाटणारा मोठा चिरा पुष्कळदा स्वस्त पडतो, शिवाय त्याला सांधे थोडे म्हणून माल आणि मजुरीही वाचते.

या पुस्तिकेतली कोष्टके फक्त सिमेंट-वाळूत बांधलेल्या, एका चिऱ्याच्या जाडीच्या भिंतींसाठी आहेत. जोत्याखालचे रुंद बांधकाम, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या जाड भिंती आणि गिलावा यांचा हिशोब त्यांत नाही. चिरा उघडा ठेवून दर्जा भरायच्या असतील तर त्याचा माल वेगळा धरावा. कोष्टकांत प्रत्येक ओळीला चिऱ्याच्या तीन मापांच्या आणि सांध्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या छापील आकड्यांनी भरता आल्या असत्या, मुद्दाम भरल्या नाहीत. पहिली गाडी अंगणात उतरली की दहा चिरे ओळीत मांडा, मापे पेन्सिलीने लिहा, पहिल्या तीन थरांनंतर सांधा मोजून तीही जागा भरा, आणि दुसऱ्या गाडीचा चिरा वेगळा निघाला तर खोडून पुन्हा लिहा. सिमेंटची उरलेली मागणी त्यानंतरच द्या.